१.०२ म्हणजे किती?

कोकणातल्या अनेक बोअरवेलचं पाणी उपसताना काचेसारखं नितळ दिसतं आणि बादलीत रात्रभर ठेवलं की तळाला तांबूस गाळ बसतो. जमिनीखाली हवा नसते, त्यामुळे तिथे लोह विरघळलेल्या फेरस रूपात राहतं. वर आल्यावर त्याला ऑक्सिजन मिळतो, त्याचं फेरिक होतं आणि ते गंजासारखं खाली बसतं. हे लोह किती आहे, हा प्रश्न पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेकडे येतो, आणि उत्तर एका आकड्यात हवं असतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० हे २०१२ मध्ये सुधारून आलं तेव्हा त्यात लोहाची मर्यादा लिटरला ०.३ मिलिग्रॅम होती. २०१५ च्या दुरुस्तीने ती १.० झाली. म्हणून अहवालात ०.९ आलं तर पाणी पास, १.१ आलं तर नापास. या प्रकरणात आपण मधला आकडा धरू: १.०२.

हा आकडा यंत्रावर दिसत नाही. स्पेक्ट्रोफोटोमीटर लोह मोजत नाही. द्रावणातून किती प्रकाश पार झाला एवढंच तो मोजतो आणि त्याचा लॉगरिदम घेऊन अ‍ॅब्सॉर्बन्स नावाची एकक नसलेली संख्या दाखवतो. दहातला एक भाग पार झाला तर अ‍ॅब्सॉर्बन्स १, शंभरातला एक पार झाला तर २. ही संख्या द्रावणाच्या संहतीच्या सरळ प्रमाणात वाढते, हे ऑगस्ट बेअर यांनी १८५२ मध्ये दाखवलं. ते प्रमाण किती, हे मात्र प्रत्येक प्रयोगशाळेला स्वतःच्या यंत्रावर, स्वतःच्या रसायनांनी ठरवावं लागतं. ते ठरवणाऱ्या रेषेला कॅलिब्रेशनची रेषा म्हणतात, आणि १.०२ तिच्यातून बाहेर येतो.

पद्धत जुनी आणि खात्रीची आहे. ५० मिली पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि थोडं हायड्रॉक्सिलअमीन घालून ते आटवायचं. आम्लाने बसलेलं लोह पुन्हा विरघळतं आणि हायड्रॉक्सिलअमीनने सगळं फेरिक पुन्हा फेरस होतं. थंड झाल्यावर अमोनियम अ‍ॅसिटेटचा बफर आणि फिनॅन्थ्रोलिन घालायचं, शुद्ध पाण्याने पुन्हा ५० मिलीच्या खुणेपर्यंत आणायचं आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. फिनॅन्थ्रोलिनचे तीन रेणू एका लोहआयनाला वेढतात आणि नारिंगी-तांबडा रंग येतो. तो ५१० नॅनोमीटरला, एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये वाचायचा.

स्टँडर्डसाठी फेरस अमोनियम सल्फेट वापरतात. त्याचे १.४०४ ग्रॅम एक लिटरमध्ये विरघळवले की लिटरला २०० मिलिग्रॅम लोह असलेलं मूळ द्रावण मिळतं. त्यातून पिपेटने घेऊन लिटरला ०, १, २, ३ आणि ४ मिलिग्रॅमचे पाच स्टँडर्ड बनवायचे आणि नमुन्याला जे जे केलं ते सगळं त्यांनाही करायचं. शून्याचा स्टँडर्ड म्हणजे सगळी रसायनं घातलेलं, पण लोह न घातलेलं पाणी. त्याला ब्लँक म्हणतात. यंत्राचं शून्य साध्या शुद्ध पाण्यावर लावलेलं असलं तर ब्लँकही थोडा रंग दाखवतो, कारण रसायनांतही लोहाचा अंश असतो.

समजा वाचनं अशी आली: ०.००४, ०.१९९, ०.४०२, ०.५९४, ०.७९६. हे आकडे उदाहरणासाठी बनवलेले आहेत, पण चांगल्या हाताचे आहेत. इतकी जवळची वाचनं रोज मिळत नाहीत. न्यूनतम वर्ग पद्धतीने त्यांतून रेषा काढली की चढ ०.१९७९ येतो आणि रेषा उभ्या अक्षाला ०.००३२ वर छेदते. म्हणजे लोह एका मिलिग्रॅमने वाढलं की अ‍ॅब्सॉर्बन्स ०.१९७९ ने वाढतो. नमुना तीनदा वाचला, सरासरी ०.२०५ आली. त्यातून ०.००३२ वजा करा, उरलेल्या ०.२०१८ ला चढाने भागा, १.०२ मिळतो.

स्प्रेडशीटमध्ये संहती A स्तंभात आणि वाचनं B स्तंभात असतील तर एका सूत्रात सगळं मिळतं:

```
=LINEST(B2:B6, A2:A6, TRUE, TRUE)
```

पहिल्या ओळीत चढ आणि छेद, दुसरीत त्या दोघांची प्रमाण त्रुटी, तिसरीत R² आणि रेषेभोवतीचा विखुरलेपणा. बहुतेक अहवालांत यातला R² तेवढा लिहितात. आपल्या रेषेचा R² ०.९९९९४ आहे, आणि तो पाहून समाधान मानायची पद्धत पडली आहे. खरं तर या आकड्याचा १.०२ च्या खात्रीशी फारसा संबंध नाही. उपयोगाचा आकडा त्याच्या शेजारच्या घरात आहे: ०.००२८. प्रत्येक बिंदू रेषेपासून सरासरी किती वर-खाली आहे ते तो सांगतो. चढाने भागला की तो मिलिग्रॅमच्या भाषेत येतो: ०.०१४३. पुढचा सगळा हिशोब या एका संख्येवर चालतो.

चढाची प्रमाण त्रुटी ०.०००८९ आहे, म्हणजे चढाच्या ०.४५ टक्के. इथे बरेच जण एक सोपी वाट घेतात. चढात ०.४५ टक्के शंका आहे, तर उत्तरातही ०.४५ टक्के, म्हणजे १.०२ मध्ये ०.००५, असं म्हणून मोकळे होतात. हे चूक आहे, कारण नमुन्याचं वाचनही हललेलं असू शकतं आणि रेषा सगळीच्या सगळी वर-खाली सरकलेली असू शकते. दुसरे जण उलट दिशेला चुकतात. ते चढाची त्रुटी घेतात, छेदाची वेगळी घेतात, वाचनाची घेतात आणि तिन्हींचे वर्ग मिळवतात. त्यांना ०.०१४५ मिळतं, आणि ते खऱ्यापेक्षा जास्त आहे.

जास्त का, ते समजलं की चढाचं सगळं वागणं समजतं. न्यूनतम वर्गाची रेषा नेहमी बिंदूंच्या सरासरीतून जाते. आपल्याकडे ती जागा म्हणजे संहती २ आणि अ‍ॅब्सॉर्बन्स ०.३९९. रेषा या मधल्या बिंदूवर टेकलेल्या तराजूच्या दांडीसारखी असते. चढ थोडा जास्त निघाला तर उजवं टोक वर जातं आणि डावं खाली येतं, म्हणजेच छेद कमी होतो. चढ आणि छेद यांच्या चुका अशा एकमेकांना बांधलेल्या असतात. त्या स्वतंत्र मानून वर्ग मिळवले की एकच शंका दोनदा मोजली जाते.

म्हणून हिशोब मधल्या बिंदूपासून मांडायचा. तिथून तीन भाग स्वच्छ वेगळे होतात आणि मग त्यांचे वर्ग मिळवता येतात:

s(x) = (s/b) · √( 1/m + 1/n + (y − ȳ)² / (b² · Sxx) )

इथे s म्हणजे ०.००२८, b म्हणजे चढ, m म्हणजे नमुना कितीदा वाचला, n म्हणजे स्टँडर्ड किती, y म्हणजे नमुन्याचं सरासरी वाचन आणि ȳ म्हणजे सगळ्या स्टँडर्डच्या वाचनांची सरासरी. Sxx म्हणजे स्टँडर्डच्या संहती त्यांच्या सरासरीपासून किती पसरल्या आहेत त्याच्या वर्गांची बेरीज. ० ते ४ साठी ती १० येते. सूत्र अंगावर येतं, पण वर्गमुळाच्या आतले तीन तुकडे तीन साधे प्रश्न आहेत. नमुन्याचं वाचन किती डळमळीत? दांडीची टेकण्याची जागा किती डळमळीत? आणि दांडी कललेली असेल तर टेकूपासून एवढ्या अंतरावर त्याचा परिणाम किती? चढाची अनिश्चितता या तिसऱ्या तुकड्यात राहते, आणि ती अंतरासोबत वाढते.

आकडे घालू. तीन वाचनांसाठी पहिला तुकडा ०.३३३, पाच स्टँडर्डसाठी दुसरा ०.२. नमुन्याचं वाचन मधल्या ०.३९९ पासून ०.१९४ ने खाली आहे, त्यावरून तिसरा ०.०९६. बेरीज ०.६२९, तिचं वर्गमूळ ०.७९३, आणि ०.०१४३ ने गुणून ०.०११३ मिलिग्रॅम. एकूण शंकेत चढाचा वाटा जेमतेम १५ टक्के आहे. पहिला तुकडाच सगळ्यात मोठा आहे, म्हणून नमुना आणखी वाचणं इथे चढ सुधारण्यापेक्षा जास्त फायद्याचं आहे.

आता याच रेषेवर ०.७८० वाचनाचा एक नमुना ठेवा. त्याचं लोह ३.९३ येतं आणि चढाचा वाटा ४१ टक्क्यांवर जातो. आणखी पुढे, १.४०० वाचन आलं आणि कोणी रेषा तशीच लांबवून ७.०६ लिहिलं, तर चढाचा वाटा ८३ टक्के होतो. कागदावर तरीही ही शंका फार मोठी दिसत नाही, आणि धोका तिथेच आहे. सूत्र गृहीत धरतं की रेषा तिथेही सरळच आहे. तेवढ्या गडद द्रावणात यंत्रातला भटका प्रकाश आड येऊ लागतो. डिटेक्टरवर नमुन्यातून न गेलेला ०.१ टक्का प्रकाश पडत असेल तर खरा अ‍ॅब्सॉर्बन्स २ असताना यंत्र १.९६ दाखवतं. रेषा वरच्या टोकाला वाकते आणि उत्तर खऱ्यापेक्षा कमी येतं. असा नमुना पातळ करून पुन्हा वाचावा. रेषा लांबवणं म्हणजे निव्वळ अंदाज आहे.

वाकलेपणा R² मध्ये दिसत नाही. तो बिंदूंच्या वर-खालीपणात दिसतो. आपले पाच बिंदू रेषेपासून अनुक्रमे ०.०००८ वर, ०.००२१ खाली, ०.००३० वर, ०.००२९ खाली आणि ०.००१२ वर आहेत. त्यांच्यात काही क्रम नाही, म्हणून ठीक. दोन्ही टोकं खाली आणि मधले तिन्ही वर असं चित्र आलं असतं तर ०.९९९ च्या R² सकट ती रेषा संशयास्पद ठरली असती.

०.०११३ ही प्रमाण त्रुटी झाली. तिच्यावरून ९५ टक्के खात्रीची पट्टी काढायची तर गुणक लागतो. पाच बिंदूंतून दोन संख्या काढल्या, म्हणून स्वातंत्र्याचे अंश तीनच उरतात आणि तीन अंशांसाठी टी-गुणक ३.१८ असतो. सवयीने इथे २ वापरतात, आणि पट्टी खऱ्याच्या दोन तृतीयांशाहूनही अरुंद निघते. ३.१८ ने गुणून ०.०३६. म्हणजे १.०२ ± ०.०४. पट्टी ०.९८ पासून १.०६ पर्यंत. मर्यादा तिच्या आत पडते. या रेषेवरून हे पाणी नापास आहे असं म्हणता येत नाही आणि पास आहे असंही नाही.

प्रत्येक स्टँडर्ड दोनदा, वेगवेगळा पिपेट करून बनवला तर बिंदू दहा होतात, Sxx दुप्पट होते आणि गुणक ३.१८ वरून २.३१ वर येतो. विखुरलेपणा तेवढाच राहिला तर पट्टी ± ०.०२३ होते: ०.९९७ ते १.०४३. फायदा झाला, पण मर्यादा अजून कडेला अडकलेलीच आहे. यातला बराचसा फायदा गुणकाने दिला, चढाने नाही. आणि एकाच बाटलीतलं द्रावण क्युव्हेटमध्ये दोनदा ओतून वाचणं म्हणजे दोन स्टँडर्ड नव्हेत. त्यात पिपेटची चूक दिसतच नाही, रेषा खोटीच घट्ट दिसते.

आतापर्यंतची शंका रेषेला स्वतःलाच दिसते अशी होती. तिला न दिसणारी शंका वेगळी. मूळ द्रावण बनवताना मीठ तीन टक्के कमी तोललं गेलं, तर पाचही स्टँडर्ड सारख्याच प्रमाणात पातळ होतात. रेषा तितकीच सरळ राहते, विखुरलेपणा तेवढाच, R² अगदी तोच. फक्त चढ तीन टक्क्यांनी कमी येतो आणि त्यावर वाचलेला प्रत्येक नमुना तीन टक्क्यांनी जास्त निघतो. चढाची प्रमाण त्रुटी ०.४५ टक्के छापून येते आणि हे तीन टक्के तिच्यात कुठेच नसतात.

मोठी चूक पकडायला एक स्वतंत्र कसोटी आहे. लोह-फिनॅन्थ्रोलिनचा मोलार शोषण गुणांक साधारण ११,१०० मानला जातो. आपला चढ ०.१९७९ ला लोहाच्या ५५.८५ या अणुभाराने आणि १००० ने गुणला की ११,०५० येतो. चांगला जुळला. कोणी १० मिलीऐवजी ९ मिली घेतलं असतं तर इथे लगेच कळलं असतं. पण दोन-तीन टक्क्यांची चूक पकडण्याइतकी ही कसोटी बारीक नाही, कारण यंत्राची तरंगलांबी आणि पट्ट्याची रुंदी यांनीही चढ थोडा बदलतो. त्यासाठी दुसऱ्या बाटलीतल्या लोहापासून, शक्यतो दुसऱ्या माणसाने बनवलेला १.०० चा स्टँडर्ड रेषेवर तपासतात. तो १.०२५ आला तर एका दिवसाच्या आधारे काही म्हणता येत नाही, तो ± ०.०४ च्या आत आहे. रोज येत राहिला आणि नेहमी वरच्या बाजूलाच आला तर मूळ द्रावण टाकून द्यायची वेळ झाली. रोजचा चढ एका वहीत लिहून ठेवणारी प्रयोगशाळा हे लवकर ओळखते.

शेवटची शंका सगळ्यात अवघड, कारण तिथे रेषा बरोबर असूनही या पाण्यासाठी ती चुकीची असते. स्टँडर्ड शुद्ध पाण्यात बनवलेले असतात. नमुन्यात फॉस्फेट, जास्त जस्त किंवा क्रोमियम असेल तर रंग पूर्ण येत नाही. म्हणजे नमुन्यात लोहाचा चढ शुद्ध पाण्यातल्यापेक्षा कमी असतो. तो मोजायचा सोपा मार्ग आहे. त्याच नमुन्याच्या दुसऱ्या ५० मिलीत लिटरला १ मिलिग्रॅम होईल एवढं लोह मुद्दाम घालायचं आणि वाचन किती वाढतं ते पाहायचं. ०.१९७९ ने वाढायला हवं.

आपल्या नमुन्यात ते ०.२०५ वरून ०.३८९ झालं असं समजा. वाढ ०.१८४, म्हणजे घातलेल्याचा ९३ टक्के भाग परत दिसला. तीन-तीन वाचनांच्या फरकावरची पट्टी ± ४ टक्क्यांच्या आसपास येते, तेव्हा हा सात टक्क्यांचा तुटवडा योगायोग मानता येत नाही. या पाण्यातला चढ ०.१८४ आहे आणि भागाकार त्यानेच करायला हवा. ०.२०१८ ला ०.१८४ ने भागून १.१० मिळतो.

त्याची शंका मात्र वाढते. हा चढ पाच स्टँडर्डच्या रेषेतून आलेला नाही, एकाच वाढीवरून काढलेला आहे, आणि नमुन्याचं वाचन भागाकारात वर आणि खाली दोन्हीकडे येतं: ते थोडं जास्त आलं की भाज्य वाढतो आणि भाजक घटतो, चूक दोन्ही बाजूंनी एकाच दिशेला ढकलते. सगळं धरून पट्टी ± ०.०८ होते. अहवालात १.१० ± ०.०८ लिहिलं जातं, आधीच्यापेक्षा दुप्पट रुंद. तिचं खालचं टोक १.०२ ला आहे, मर्यादेच्या वर. हे निश्चित करण्यापूर्वी त्याच पाण्यात ०.५, १ आणि १.५ मिलिग्रॅम घालून तीन बिंदू आणखी काढावेत, म्हणजे नमुन्यातल्या चढालाही स्वतःची रेषा मिळते आणि त्याची त्रुटी पुन्हा `LINEST` मधूनच वाचता येते.